चिवळ की घोळ, आणि दोन रुपयाच्या नाण्याने घातलेला घोळ

आमच्या समोरच्या घरातली सून अमरावतीची, लग्न होऊन इंदूरला राजेंद्र नगरात आली त्याला तीन वर्षं झाली असतील. मी कॉलेजात बरीच वर्षं बॉटनीची प्रॅक्टिकल्स घेतली हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कोणाच्या कुंडीत काहीही उगवलं की फोटो आधी माझ्याकडे येतो. जुलैत दोन चांगले पाऊस झाल्यावर एके सकाळी तिचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, खाली लिहिलं होतं, "काकू, ही चिवळ आहे ना? आमच्याकडे उन्हाळ्यात बाजारात येते, इथे कधी दिसलीच नाही, आणि आता दारातच उगवलीये."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चिवळ म्हणजे विदर्भात आवडीने खातात ती बारीक पानांची आंबटसर रानभाजी, काही ठिकाणी चिघळ म्हणतात, शास्त्रीय नाव पोर्टुलाका क्वाड्रिफिडा. हिची थोरली बहीण म्हणजे घोळ, पोर्टुलाका ओलेरेसिया, जिला इंदूरच्या बाजारात कुल्फा किंवा नोनिया म्हणतात. दोन्ही खाण्यातल्या. पण पेव्हर ब्लॉकच्या फटीत यांच्या शेजारी हमखास उगवते ती जमिनीला चिकटून पसरणारी छोटी दुधी, युफोर्बियाच्या गणातली, लाल देठ, बारीक पानं, आणि तोडली की पांढरा चीक. तो चीक कातडीला आणि डोळ्यांना त्रास देतो, पोटात गेला तर उलट्या होऊ शकतात. म्हणजे प्रश्न नुसता नावाचा नव्हता, तिला संध्याकाळी भाजी करायची होती.

आता तो पहिला फोटो. फोन अगदी जवळ नेऊन काढलेला, सगळी स्क्रीन झाडाने भरलेली, मागे पेव्हरची लाल-करडी ठिपक्याठिपक्यांची नक्षी, थोडं शेवाळ, थोडं गवत, कोपऱ्यात कोणाच्या तरी चपलेचा पट्टा. देठ लालसर, पानं जाडसर वाटत होती, टोकं गोल. मी चहा घेता घेता बघितलं आणि लगेच लिहून टाकलं, "घोळ आहे गं, चिवळ नाही, चिवळीची पानं एवढी मोठी नसतात." तिने उलट विचारलं, "पण काकू, ही तर एवढुशी आहेत?" आणि मी ते वाचूनही सोडून दिलं. चूक माझी, कारण "एवढी मोठी" हे मी कशावरून ठरवलं होतं? स्क्रीनवर पान दोन सेंटिमीटरचं दिसत होतं म्हणून. पण स्क्रीनवर काहीही दोन सेंटिमीटरचं दिसतं, मुंगीपण दिसते. फोटोत मापाचा काहीच पुरावा नव्हता आणि माझ्या डोळ्याने मापं स्वतःच्या मनाने भरून घेतली. डोळा हे नेहमीच करतो, तुम्ही कितीही वर्षं झाडं बघितलेली असोत. चपलेच्या पट्ट्यावरून अंदाज आला असता, पण तो आउट ऑफ फोकस होता आणि तिकडे लक्ष कोण देतंय.

इथे माप का महत्त्वाचं तेवढं सांगते. घोळीचं पूर्ण वाढलेलं पान साधारण १ ते ३ सेंटिमीटर लांब असतं, चिवळीचं ४ ते ८ मिलिमीटर, क्वचित १० पर्यंत जातं. छोट्या दुधीचं ३ ते ८ मिलिमीटर. म्हणजे घोळ आणि बाकीच्या दोघी यांच्यातली रेघ १ सेंटिमीटरच्या आसपास पडते. फ्लोराच्या पुस्तकांत ओळखीच्या पायऱ्या अशाच मिलिमीटरमध्ये दिलेल्या असतात, आणि बिनमापाच्या फोटोत नेमकी तीच पायरी चढता येत नाही. आकार, रंग, टोक, हे फोटोत येतं, पण लांबी येत नाही.

ती काही ऐकणाऱ्यातली नाही. अर्ध्या तासाने दुसरा फोटो आला, यावेळी शेजारी दोन रुपयाचं नाणं. "आता बघा." मला खरंच बरं वाटलं. फोटो लॅपटॉपवर मोठा करून मी स्क्रीनवरच पट्टी लावली (यात फक्त गुणोत्तर लागतं, स्क्रीन केवढी आहे याने फरक पडत नाही). नाणं स्क्रीनवर ९२ मिलिमीटर भरलं, सगळ्यात मोठं पान ४० मिलिमीटर. दोन रुपयाचं नाणं २५ मिलिमीटरचं असतं हे मला पाठ, मग ४० भागिले ९२ गुणिले २५, आले जवळजवळ ११ मिलिमीटर. म्हणजे १ सेंटिमीटरच्या वर. "बघ, घोळच," मी लिहिलं, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

हे उत्तर दोन ठिकाणी चुकलेलं होतं.

पहिली गडबड नाण्याची. आपल्याकडे एकाच किमतीची नाणी वेगवेगळ्या मापाची चलनात आहेत आणि सगळी एकाच डब्यात खुळखुळत असतात. २०११ पासून आलेल्या सिरीजमध्ये दोन रुपये २५ मिलिमीटर आणि पाच रुपये २३ मिलिमीटर. २०१९ च्या नव्या सिरीजमध्ये, ज्यावर धान्याच्या पिकाची नक्षी आहे, ते नेमकं उलटं झालं, दोन रुपये २३ आणि पाच रुपये २५. एक रुपयाचं तर आणखी, जुनं स्टीलचं २५, मग २२, आता २०. म्हणजे "शेजारी एक रुपया ठेवलाय" एवढंच सांगितलं तर बघणाऱ्याला २० समजायचे की २५ कळत नाही, आणि हा फरक चौथ्या हिश्श्याएवढा आहे. तिचं नाणं नवीन होतं. फोटोत झूम केल्यावर पिकाची नक्षी दिसत होती, मी बघितलीच नव्हती. २५ च्या जागी २३ घातले तर पान ११ वरून सरळ १० मिलिमीटरवर येतं, म्हणजे बरोबर रेघेवर. त्यापेक्षा दहाचं नाणं बरं, दोन धातूंचं, ते जुन्या-नव्या दोन्हीत २७ मिलिमीटरच आहे. आणि घरात पट्टी असेल तर नाण्याच्या फंदात पडायचंच कशाला.

दुसरी गडबड जास्त खोल होती आणि ती मला दुपारी कळली, ती पण तिने सहज बोलता बोलता सांगितलं म्हणून. झाड कुंडीखालच्या विटेवर चढलं होतं. नाणं तिने खाली पेव्हरवर ठेवलं होतं आणि मी मोजलेलं पान विटेच्या अंगाने वर आलेल्या फांदीचं होतं, नाण्यापेक्षा तीनेक सेंटिमीटर वर. फोन तिने वरून धरला होता, नाण्यापासून साधारण १५ सेंटिमीटरवर. म्हणजे पान कॅमेऱ्यापासून १२ सेंटिमीटरवर आणि नाणं १५ वर. जवळची वस्तू मोठी दिसते हे तर लहान मुलालाही माहीत असतं, पण फोटोत सगळं एकाच सपाट कागदावर आल्यावर आपण विसरतो. १५ भागिले १२ म्हणजे सव्वापट, पान २५ टक्के मोठं दिसत होतं. ते मोजून काढलं तर १० चे झाले ८ मिलिमीटर.

म्हणजे एकाच फोटोतून ११, मग १०, मग ८. पहिला आकडा सरळ घोळ म्हणतो, मधला कुंपणावर बसतो, शेवटचा घोळीला बाजूला सारतो. आणि तिन्ही वेळा फोटोत स्केल होतंच. स्केल नुसतं फ्रेममध्ये असून चालत नाही, ते मोजायच्या वस्तूच्या पातळीत लागतं. पान ज्या उंचीवर आहे त्याच उंचीवर पट्टी, आणि फोन दोघांना समांतर, वरून सरळ. फोन तिरका धरला की पट्टीचं एक टोक जवळ येतं, एक लांब जातं, आणि मिलिमीटरच्या रेघा एका बाजूला पसरतात, दुसऱ्या बाजूला दाटतात. हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे फोटोतल्या पट्टीवर डावीकडचा एक सेंटिमीटर आणि उजवीकडचा एक सेंटिमीटर वेगवेगळे मोजायचे, सारखे आले तर फोन सरळ होता. नाण्याच्या बाबतीत हीच गोष्ट गोलावरून कळते, नाणं अंडाकार दिसलं तर फोन तिरका होता. पण उंचीतला फरक मात्र यातल्या कशानेच कळत नाही, तो फक्त काढणाऱ्यालाच माहीत असतो, म्हणून तो काढतानाच घालवावा लागतो.

थोडं लांब जाऊनही हा दोष कमी होतो. तेच पान आणि तेच नाणं, पण फोन ३० सेंटिमीटरवर धरला असता तर ३० भागिले २७, म्हणजे फरक साधारण ११ टक्क्यांवर आला असता. म्हणून मी सगळ्यांना सांगते की एकदम तोंडाशी फोन नेऊ नका, दूर धरा आणि दोन एक्स झूम करा. जवळ गेलं की आजकालचे बरेच फोन गुपचूप रुंद लेन्सवर जातात, त्याला ते मॅक्रो म्हणतात, आणि त्या लेन्समध्ये फ्रेमच्या कडेच्या वस्तू ताणल्या जातात. पट्टी कडेला आणि झाड मध्ये असेल तर पुन्हा माप फसतं.

तर दुपारी मी तिला फोन केला. म्हटलं, "हे बघ, मी सकाळी जे सांगितलं ते विसर. भाजी आज करू नकोस. आता मी सांगते तसे फोटो काढ." ती म्हणाली, "काकू, चिवळ मी काय ओळखत नाही का, लहानपणापासून खाल्लीये." त्यावर काय बोलणार, बाजारात जुडी बांधून आलेली चिवळ आणि फटीत दहा गोष्टींबरोबर उगवलेली चिवळ यात फरक असतो, पण तिने ऐकलं.

तिच्याकडे सामान होतं ते असं, मुलाची शाळेची १५ सेंटिमीटरची प्लास्टिकची पट्टी, एक कोरा पांढरा कागद, आणि एका वहीला घातलेलं गडद निळं कव्हर. एवढंच पुरतं. आधी तिला जागेवरचा फोटो काढायला सांगितला, मागे कागद वगैरे काही न लावता, दोन फूट लांबून, कारण झाड जमिनीला चिकटून पसरतंय की उभं आहे हे कागदावर ठेवल्यावर कळत नाही आणि ते पण लागतं. मग बोटभर लांबीच्या दोन-तीन फांद्या मुळाजवळून तोडून आत आणायच्या, एकेक सुटी करायची आणि कागदावर सपाट ठेवायची.

इथेच खरी गोष्ट बाहेर आली. फांद्या सुट्या करताना ती म्हणाली, "अहो काकू, ह्या दोन वेगळ्याच दिसतायत." फटीत एकाच झाडाचा झुपका वाटत होता तो दोन झाडांचा होता, एकमेकांत गुंतलेली, दोघींचे देठ लाल, दोघींची पानं समोरासमोर. माझ्या पहिल्या फोटोत देठ एकीचा दिसत होता, पानं दुसरीची, आणि मी दोघी मिळून तिसरीच, घोळ, तयार केली होती. साध्या बॅकग्राउंडचा सगळ्यात मोठा फायदा लोक विचारतात तेव्हा मी हेच उदाहरण देते. फोटो सुंदर दिसतो ते राहू द्या बाजूला. कागदावर एक फांदी ठेवली की त्या फोटोतलं प्रत्येक पान त्याच फांदीचं आहे याची खात्री असते. गवतात, फटीत, कुंपणात ही खात्री कधीच नसते. वेली तर विचारूच नका, कुंपणावरच्या वेलीच्या फोटोत फूल एकीचं आणि पान दुसरीचं असं मी इतक्या वेळा बघितलंय की आता फुलाचा देठ कुठून निघतो ते दिसल्याशिवाय मी उत्तरच देत नाही.

आणखी एक गोष्ट फोनची. मागे नक्षी असली की फोन फोकस कशावर करायचा यात गोंधळतो, त्याला जिथे उठावदार कडा दिसतात तिथे तो चिकटतो, आणि पेव्हरच्या खडबडीत ठिपक्यांत भरपूर कडा असतात. तिच्या पहिल्या फोटोत पेव्हर चकचकीत स्पष्ट आणि पानाची कड किंचित धूसर होती. दुधीच्या पानाच्या काठाला बारीक दाते असतात, ते त्या धूसरपणात पुसले गेले होते, म्हणून पान गुळगुळीत काठाचं आणि जाड वाटलं.

आता पांढऱ्या कागदावरचा पहिला प्रयत्न. फोटो आला तो असा की कागद करडा आणि झाड जवळजवळ काळं. हे सगळ्यांचं होतं. फोनला समोर खूप पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड जास्त आहे, तो सगळंच अंधारं करतो, आणि हिरवा रंग आधीच गडद असल्यामुळे पार काळा पडतो. उपाय सोपा, पानावर बोट ठेवायचं म्हणजे फोन पानाच्या हिशोबाने उजेड धरतो, आणि तरी कमी वाटला तर शेजारी सूर्याचं चिन्ह येतं ते थोडं वर सरकवायचं. कागद किंचित जळाल्यासारखा पांढराफट्ट झाला तरी चालेल, आपल्याला कागद ओळखायचा नाहीये. गडद कव्हरवर उलटं होतं, झाड फिकट पडतं, तिथे ते चिन्ह खाली ओढायचं. ऊन थेट पडेल अशा जागी मात्र काढू नये, पांढऱ्या कागदावर ऊन आणि काळी सावली यात पानाची कड कुठे संपते तेच कळत नाही. त्या दिवशी आभाळ होतं, व्हरांड्यात मस्त मऊ उजेड होता. नाण्याचा हा पण एक त्रास आहे, ते चमकतं, आणि चमकलं की त्याची कड पसरते आणि फोटोत नाण्याचं माप फुगतं.

पट्टीबद्दल एक बारीक गोष्ट. शाळेच्या पट्ट्यांना बऱ्याचदा शून्याच्या आधी थोडी मोकळी जागा असते. लोक पानाचं बूड पट्टीच्या टोकाला लावतात आणि मग सगळीच मापं तेवढ्याने कमी येतात. तिला म्हटलं, पानाचं बूड १ सेंटिमीटरच्या रेघेवर ठेव, आणि मिलिमीटरची बाजू पानाला अगदी टेकव. पट्टी पारदर्शक असेल तर खाली कागद पांढरा पाहिजे, निळ्या कव्हरवर काळ्या रेघा दिसत नाहीत, तिच्या पट्टीचं तेच झालं, मग निळ्यावर तिने पट्टीखाली कागदाची पांढरी पट्टी सरकवली. हुशार आहे पोरगी. आणि फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव म्हटलं, नाहीतर व्हॉट्सॲप दाबून छोटा करतं आणि मिलिमीटरच्या रेघा एकमेकींत मिसळतात.

तर संध्याकाळपर्यंत माझ्याकडे सहा फोटो होते. पहिली फांदी, हिला अ म्हणू. पांढऱ्या कागदावर पट्टीसकट, पाच पानं मोजली, ६ ते ८ मिलिमीटर. एकच मोठं पान मोजायचं नाही हे मी मुद्दाम सांगितलं होतं, कारण माणसाचा हात आपोआप सगळ्यात देखण्या पानाकडे जातो आणि मग मापाची रेंजच कळत नाही. पानं समोरासमोर, काठ साधा, मांसल. पण पांढऱ्या कागदावर एक गोष्ट अजिबात दिसली नव्हती, ती निळ्या कव्हरवर दिसली. प्रत्येक पेरावर, पानांच्या बुडाशी, पांढऱ्या लांब केसांचं कडं. चिवळीची हीच खूण. घोळीच्या पेरांवर केस असतात पण इतके तुरळक की डोळ्याला जाणवत नाहीत, आणि दुधीला असं कडं नसतंच. पांढरे केस पांढऱ्या कागदावर कसे दिसणार? म्हणून साधी बॅकग्राउंड म्हणजे पांढरीच असं नाही. पानाचा आकार आणि काठ बघायचा तर पांढरी, लव, केस, चीक, फिकट फुलं बघायची तर गडद. तीच फांदी, दोन्हीवर एकेक फोटो, बस. रंगीत प्लास्टिक किंवा चकचकीत ताट घेऊ नये, त्याचा रंग पानाच्या खालच्या बाजूवर पडतो. हाताचा तळवा पण लोक खूप वापरतात, तो पट्टी नसताना बोटांमुळे माप म्हणून थोडा उपयोगी पडतो, पण पहिल्या पेराची लांबी माझी वेगळी, तिची वेगळी.

दुसरी फांदी, ब. पानं ५ ते ६ मिलिमीटर, मांसल नाही, पातळ. काठाला बारीक दाते, आणि पानाचं बूड वाकडं, म्हणजे मधल्या शिरेची एक बाजू जरा खाली उतरलेली, दुसरी वर. हे वाकडं बूड छोट्या दुधींची ओळखच आहे आणि पांढऱ्या कागदावर ते इतकं स्वच्छ आलं होतं की मला सकाळचा स्वतःचा मेसेज डिलीट करावासा वाटला. मग तिला सांगितलं, दोन्ही फांद्या निळ्या कव्हरवर धरून मधून तोड, हात लगेच धू, डोळ्याला लावू नको. अ मधून नुसतं पाणी आलं. ब मधून दोन सेकंदांत पांढरा थेंब. हा थेंब पांढऱ्या कागदावर फोटोत जवळजवळ दिसत नव्हता, निळ्यावर टाचणीच्या डोक्याएवढा चमकत होता. एक मात्र लक्षात ठेवायचं, सुकलेल्या किंवा तोडून तासभर झालेल्या फांदीत चीक कमी येतो, तेव्हा चीक आला नाही म्हणजे दुधी नाही असं उलटं मानू नये. चीक दिसला तर नक्की फेकायची, दिसला नाही तर बाकीच्या खुणा बघायच्या.

मग ती म्हणाली, "म्हणजे अ चिवळ. करू का भाजी?" मी म्हटलं, उद्या फूल बघू. चिवळीचं पिवळं फूल सकाळी ऊन आलं की थोडा वेळ उघडतं, ढगाळ दिवशी नीट उघडत पण नाही, आणि त्याला चार पाकळ्या. घोळीला सहसा पाच. दुसऱ्या दिवशी साडेदहाला थोडं ऊन पडलं आणि फोटो आला, निळ्या कव्हरवर, शेजारी पट्टी, चार पाकळ्या आणि फुलाभोवती पानांचं आणि केसांचं कोंडाळं. आता मात्र मी लिहिलं, चिवळ.

इथे मापाची मर्यादा पण सांगितली पाहिजे, कारण मी हे सगळं सांगितल्यावर तिचा पुतण्या, जो आठवीत आहे, तो पट्टी घेऊन गल्लीभर फिरला आणि जाहीर करत सुटला की ८ मिलिमीटर म्हणजे चिवळ. तसं नाही. फटीत माती नसते, मुळं दाबली जातात, वरून पायदळी, अशा जागी घोळीचं कोवळं रोपटं पण ७-८ मिलिमीटरची पानं घेऊन बसतं. त्याने आणलेल्या फोटोंतलं एक तेच निघालं, आणि ते मापावरून नाही कळलं, पेरावर केसांचं कडं नव्हतं आणि पानं सगळीकडे समोरासमोर नव्हती, काही एकाआड एक होती, आणि देठ पानाच्या मानाने जाड. माप तुम्हाला शंभर नावांवरून चार-पाचांवर आणतं, पुढचं काम बाकीच्या खुणांनी करायचं. लहान माप निघालं तर खास सांभाळून, कारण कुठलंही मोठं झाड कधीतरी लहान असतं. मोठं माप जास्त भरवशाचं, २ सेंटिमीटरचं पान बघून मी चिवळ आणि छोटी दुधी दोन्ही बिनधास्त खोडते.

ब ची गंमत अजून संपली नव्हती. छोट्या दुधींमध्ये पण दोघी-तिघी सारख्या दिसणाऱ्या आहेत, त्यांच्यात फरक फळावरून होतो, आणि फळ असतं दीड मिलिमीटरचं. युफोर्बिया प्रोस्ट्राटाच्या फळाला तीन कंगोरे असतात आणि लव फक्त त्या कंगोऱ्यांवर, युफोर्बिया थायमिफोलियाच्या फळावर लव सगळीकडे. दीड मिलिमीटरच्या फळावरची लव फोनने येईल असं मला वाटलं नव्हतं, पण तिने सासऱ्यांचं वाचायचं भिंग फोनच्या लेन्सपुढे धरलं, खाली निळं कव्हर, शेजारी पट्टी, वीसेक फोटो काढले, त्यातला एक आला. कंगोऱ्यांवर पांढरी लव, मधली जागा बोडकी. प्रोस्ट्राटा. पट्टीमुळे हेही कळलं की आपण खरंच फळच बघतोय, कारण बिनमापाच्या त्या फोटोत ते आवळ्याएवढं दिसत होतं आणि तिच्या सासूबाई म्हणाल्या, "हे कुठल्या झाडाचं फळ गं?"

भाजी तिसऱ्या दिवशी झाली. झुपका पूर्ण उपटून ओट्यावर पसरून, एकेक फांदी पेरावरचे केस बघून वेगळी केली, शंका आली ती फेकली, गटाराच्या बाजूची तर आधीच सोडून दिली होती. एवढं सगळं करून चिवळ निघाली मूठभर. वाटी माझ्याकडे पण आली, त्यात मुगाची डाळच जास्त होती. तिला म्हटलं छान झालीये, तर म्हणाली, "काकू, अमरावतीची चिवळ जास्त आंबट असते, ही जरा वेगळी वाटतेय." मी म्हटलं, फोटो परत काढायचे का?